फोन ‘बंद आहे’ असं सांगणाऱ्या बाईला नेमकं काय माहीत असतं?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझा मावसभाऊ मित्रांबरोबर सांदण दरीत गेला होता. अकोले तालुक्यात साम्रदजवळ जमिनीला पडलेली ही खोल भेग. आत उतरलं की दोन्ही अंगांना उभे कातळ आणि डोक्यावर आभाळाची चिंचोळी पट्टी. सकाळी ९.२० ला त्याने ‘उतरतोय’ असा मेसेज टाकला. मावशीने १०.०५ ला फोन लावला, तर ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे’. ते तिला अपेक्षितच होतं. पण दुपारी बाराला तिने पुन्हा लावला तेव्हा वाक्य बदललं होतं: ‘फोन सध्या बंद आहे.’ तिथून पुढे ती घाबरली. दरीत फोन कोण कशाला बंद करेल? पाण्यात पडला असेल, हातातून सुटून कातळावर आपटला असेल, किंवा पोरगाच…

तो सुखरूप होता आणि त्याचा फोन दिवसभर चालू होता. दरीत तो त्यावर फोटो काढत होता. म्हणजे बाराच्या कॉलला मिळालेलं उत्तर चूक होतं. ते चूक का होतं हे कळायचं असेल, तर ते वाक्य कुठून येतं हे पाहावं लागेल.

आपण नंबर लावला की आपला कॉल थेट समोरच्या फोनकडे जात नाही. आधी त्या नंबरच्या कंपनीच्या एका मोठ्या नोंदवहीत पाहिलं जातं. तिचं जुनं नाव होम लोकेशन रजिस्टर, थोडक्यात एचएलआर. 4जी आणि 5जीमध्ये नावं बदलली, पण काम तेच राहिलं. कंपनीचा प्रत्येक ग्राहक या वहीत असतो. त्याच्या नावापुढे एवढंच लिहिलेलं असतं की हा माणूस सध्या अमुक भागातल्या केंद्राच्या ताब्यात आहे. त्या केंद्राकडे दुसरी, लहान वही असते. तिच्यात आत्ता त्या भागात असलेल्या फोनांची नोंद असते आणि प्रत्येकापुढे एक खूण असते: हजर किंवा गैरहजर.

खूण ‘हजर’ असेल तर केंद्र त्या फोनला हाका मारतं. याला पेजिंग म्हणतात. फोन नेमक्या कुठल्या टॉवरखाली आहे हे केंद्राला ठाऊक नसतं, बरेच टॉवर मिळून झालेला एक पट्टा तेवढा ठाऊक असतो. म्हणून त्या पट्ट्यातल्या टॉवरांवरून हाक जाते. खिशातला फोन बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक वेळ डुलक्या घेत असतो आणि साधारण दर सव्वा सेकंदाने क्षणभर जागा होऊन आपल्या नावाची हाक आहे का ते ऐकतो. हाक ऐकली तर तो उत्तर देतो आणि मग रिंग वाजते. आपण नंबर लावल्यावर काही सेकंद नुसती शांतता असते ना, तिच्यात हे सगळं चाललेलं असतं.

हाका मारूनही उत्तर आलं नाही, तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. या वाक्याचा खरा अर्थ असा: वहीप्रमाणे फोन हजर आहे, पण आत्ता ओ देत नाही.

‘बंद आहे’ची गोष्ट वेगळी. इथे केंद्र हाक मारतच नाही. वहीत ‘गैरहजर’ लिहिलेलं दिसलं की तिथूनच कॉल परत फिरतो. ही खूण तिथे लिहिली जाते कशी? आपण फोन बंद करतो तेव्हा स्क्रीन काळी होण्याआधी फोन टॉवरला एक छोटा निरोप पाठवतो, की मी चाललो. फ्लाइट मोड लावला तरी हाच निरोप जातो. म्हणून विमानात बसलेल्या माणसाचा फोन चालू असूनही आपल्याला ‘बंद आहे’ असं ऐकू येतं. बॅटरी संपत आल्यावर स्मार्टफोन थोडा चार्ज राखून स्वतःहून बंद होतो, तेव्हाही तो निरोप देऊन जातो.

या निरोपाची एक खुबी आहे. त्याला पोचपावती नसते. फोन ‘चाललो’ म्हणतो आणि उत्तराची वाट न पाहता झोपतो. बंद होणाऱ्या फोनला पोचपावतीसाठी ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून हे मुद्दाम तसं ठेवलंय. पण त्याचा परिणाम असा, की लिफ्टमध्ये, बोगद्यात किंवा तळघरात फोन बंद केला, तर निरोप हवेतच विरतो. जुन्या फोनची बॅटरी मागचं झाकण काढून उपसली किंवा फोन पाण्यात पडून क्षणात मेला, तर निरोप निघतच नाही. या सगळ्या वेळी फोन खरोखर बंद असतो आणि वही मात्र ‘हजर’ म्हणत राहते. केंद्र हाका मारतं, उत्तर येत नाही, आणि आपल्याला ऐकू येतं ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’.

मग हजेरीची खूण कायम तशीच राहते का? नाही, कारण फोनला अधूनमधून न विचारताच हजेरी द्यावी लागते. 4जीच्या मानकात यासाठी मूळ मुदत ५४ मिनिटांची आहे आणि कंपनी ती बदलू शकते. इतक्या वेळात फोनचं नेटवर्कशी काहीच बोलणं झालं नाही, तर तो आपणहून ‘मी आहे’ असं कळवतो. नेटवर्क फोनपेक्षा चार मिनिटं जास्त थांबतं. तरी हजेरी आली नाही तर हाका थांबतात. त्यानंतर कंपनीने ठरवलेली आणखी काही सवलत संपली, की फोनने निरोप दिलेला नसला तरी नेटवर्क स्वतःच ‘गैरहजर’ लिहून टाकतं. जुन्या 2जीमध्ये ही हजेरीची मुदत सहा-सहा मिनिटांच्या पटीत ठरवायची सोय होती आणि ती ताणून साडेपंचवीस तासांपर्यंत नेता येत असे.

आता मावशीचा दिवस पुन्हा पाहू. त्या भागात हीच ५४ मिनिटं लावलेली होती असं धरू. ९.२० ला मेसेज गेला, म्हणजे त्या क्षणी फोन आणि टॉवर बोलले. नंतर तो दरीत उतरला आणि सिग्नल गेला. १०.०५ ला मावशीचा कॉल आला तेव्हा वही ‘हजर’ म्हणत होती, म्हणून हाका गेल्या. त्या कातळात शिरल्या नाहीत, आणि वाक्य आलं ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. १०.१४ ला फोनने हजेरी द्यायची होती, पण टॉवरच दिसत नव्हता तर तो देणार कोणाला? १०.१८ ला नेटवर्कची चार मिनिटंही संपली. पुढे कधीतरी नाव गैरहजरांत गेलं आणि बाराच्या कॉलला उत्तर आलं ‘बंद आहे’. दोन कॉलांच्या मधे दरीत काहीच घडलं नव्हतं. तिकडे केंद्रात एक मुदत संपली होती, इतकंच.

म्हणून एकाच वाक्यावरून अंदाज बांधू नये, वाक्यांचा क्रम पाहावा. थोड्या वेळापूर्वी ज्याच्याशी बोलणं झालं त्याला लगेच फोन लावला आणि थेट ‘बंद आहे’ ऐकू आलं, तर फोनने निरोप दिलाय: कोणीतरी तो बंद केलाय, फ्लाइट मोड लावलाय किंवा बॅटरी संपलीय. आधी तास-दीड तास ‘बाहेर आहे’ आणि मग ‘बंद आहे’ असा क्रम असेल, तर बहुधा सिग्नल तुटला आणि मुदत संपली. पण फोन दरीत आहे की पाण्यात पडून मेलाय, हे या क्रमावरूनही कळत नाही. वहीला दोन्ही सारखेच दिसतात.

‘बाहेर आहे’चं आपल्याकडे फार आढळणारं आणखी एक कारण म्हणजे दोन सिमचे फोन. यातल्या बऱ्याच फोनांत रेडिओ एकच असतो आणि दोन्ही सिम तो वाटून वापरतात. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमची हाक ऐकायला रेडिओ मोकळा नसतो. मग शेजारच्या खोलीत बसून फोनवर बोलणारा माणूस आपल्याला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ सापडतो. काही नव्या फोनांत ही अडचण राहिलेली नाही. माणूस सारखाच बाहेर सापडत असेल, तर त्याच्या दुसऱ्या नंबरवर लावून पाहावं. तो बिझी लागला तर उलगडा झाला.

तिसरं वाक्य, ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही’, याचा फोन चालू की बंद याच्याशी काही संबंध नाही. मोठ्या वहीतच हे नाव सापडलेलं नसतं. फोन महिनाभर कपाटात बंद पडला म्हणून हे वाक्य येत नाही. एक आकडा चुकला किंवा नंबर कायमचा बंद झाला की येतं. आपल्याकडे वापराअभावी बंद केलेला किंवा ग्राहकाने परत केलेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत. त्या मधल्या काळात तो नंबर कुणाचाच नसतो. नंतर एखाद्या दिवशी तिथे रिंग वाजते आणि अनोळखी माणूस ‘हॅलो’ म्हणतो. जुन्या मित्राच्या नंबरवर असं झालं असेल तर त्याला हेच कारण असतं.

दुबईत नोकरीला गेलेल्या मुलालाही पहिल्या दिवशी हे वाक्य ऐकू येऊ शकतं. फोनमध्ये घरचा नंबर नुसता दहा आकडी साठवलेला असतो आणि तिथलं नेटवर्क तो तिथलाच नंबर समजून शोधतं. पुढे +91 जोडलं की लागतो.

‘त्याने मला ब्लॉक केलंय, म्हणून अस्तित्वात नाही म्हणतंय’ असंही पुष्कळांना वाटतं. फोनमध्ये नंबर ब्लॉक केल्याने हे वाक्य येत नाही, कारण कॉल नाकारायला तो आधी फोनपर्यंत पोचावा लागतो आणि अस्तित्वात नसलेल्या नंबराचा कॉल कुठेच पोचत नाही. हा, एक वाट आहे. कोणी आपले सगळे कॉल एखाद्या बंद पडलेल्या नंबरकडे वळवले, तर आपल्याला त्या दुसऱ्या नंबरचं वाक्य ऐकू येतं. तुम्हाला फोन करणाऱ्यांना असं काही ऐकू येत असेल, तर स्वतःच्या फोनवरून `*#21#` लावून कॉल कुठे वळवलेत का ते पाहा.

त्या दिवशी मावशीच्या मुलीने आणखी एक गोष्ट केली होती. दुपारी तिने भावाला साधा एसएमएस पाठवला, डिलिव्हरी रिपोर्ट चालू ठेवून. फोन सापडत नसेल तर असा मेसेज कंपनीकडे थांबून राहतो. नोंदवहीत तशी खूण होते आणि फोनने पुन्हा हजेरी लावली की मेसेज त्याच्याकडे जातो. संध्याकाळी ५.५२ ला तिच्या फोनवर ‘डिलिव्हर्ड’ आलं. भावाने अजून खिशातून फोन काढलाही नव्हता, तो दरीच्या तोंडाशी येऊन बुटातली वाळू झाडत होता. पण फोनला टॉवर दिसला होता. मावशीने लगेच नंबर लावला आणि या वेळी रिंग वाजली.