बाटली दरीत फेकल्यानंतरचे तीन दिवस

माझ्या एका मित्राने कथा लिहिली आणि वाचायला दिली. नायक हणमंत, वय बेचाळीस, कोल्हापूरकडून साखर भरून न्हावा शेव्याला निघालेला ट्रक ड्रायव्हर. रात्री नऊला कराडजवळच्या ढाब्यावर गाडी लावतो, साडेदहापर्यंत दोन क्वार्टर संपवतो, जेवतो आणि केबिनमध्ये आडवा होतो. पहाटे चारला तोंडावर पाणी मारून निघतो. सहाच्या सुमारास खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर ‘एस’ वळणावर समोर दुधाचा टेम्पो दिसतो, ब्रेकवर पाय जायला क्षणभर उशीर होतो आणि गाडी कठड्याला घासून थांबते. टेम्पो आणि बंपर यांच्यात हातभर अंतर. हणमंत खाली उतरतो. ‘भीतीने त्याचे हात थरथरत होते,’ असं मित्राने लिहिलंय. सीटखालची राखीव क्वार्टर तो दरीत भिरकावतो, ‘आजपासून बंद’ म्हणतो आणि उगवत्या सूर्याकडे बघत गाडी गिअरमध्ये टाकतो. कथा संपली.

मी मित्राला म्हटलं, “कथा चांगली आहे, पण तुझा हणमंत पुढचे तीन दिवस जगेल का, याची मला शंका आहे.” तो चिडला. दारू सोडून कोणी मरतं का? मरतं. आणि ते कसं, हे बघण्यासारखं आहे.

आधी त्या वळणाचा हिशेब करू. दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे पोटात गेलं सुमारे १५४ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनाने १२० ग्रॅमच्या आसपास. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात ते पसरलं की रक्तात दर १०० मिलिलिटरला अंदाजे २५० मिलिग्रॅमचा हिशेब निघतो. कायद्याची मर्यादा ३० आहे.

यकृत दारू जाळतं ते एका ठरावीक वेगाने. ज्या एन्झाइमवर मुख्य भार असतो, त्याची क्षमता थोड्याच दारूत भरून जाते. एकच बूथ चालू असलेला टोलनाका डोळ्यांसमोर आणा. रांगेत दहा गाड्या असोत की दोनशे, तासाला सुटणार तेवढ्याच. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं, रोज पिणाऱ्यात २० किंवा थोडं जास्त. नऊ ते सहा, नऊ तास. वेगवान यकृत धरलं तरी १८० गेले, ७० उरले. झोप, थंड पाणी, काळा चहा, लिंबू यातल्या कशानेही दुसरा बूथ उघडत नाही. झोपेतून उठल्यावर ‘उतरली’ असं वाटतं, त्याचं कारण माणूस ताजातवाना झालेला असतो. रक्ताचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला अडकवलं ते थरथरणाऱ्या हातांनी. मित्राला ती भीती वाटली. मी मागची पानं पुन्हा चाळली. दुसऱ्या पानावर त्यानेच लिहिलंय की हणमंत रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ‘उताऱ्याला’ एक घोट घेतो, मग त्याचा हात स्टिअरिंगवर स्थिर होतो. आज घाईत तो राहून गेला होता. म्हणजे टेम्पो आडवा आला नसता तरी सहा वाजता ते हात थरथरणारच होते. शेवटच्या घोटाला साडेसात तास झाले होते.

आपल्या मेंदूतल्या पेशींना एकमेकींकडून सतत दोन प्रकारचे निरोप येतात. एक ‘पेटा’, दुसरा ‘थांबा’. ‘थांबा’चा मुख्य निरोप्या म्हणजे गाबा नावाचा रेणू. पेशीच्या कातडीत पाच प्रथिनांची एक गोल चौकट असते आणि मधे बारीक भोक. गाबा येऊन बसला की भोक उघडतं, ऋण प्रभाराचे क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशीला पेटणं अवघड होतं. दारू याच चौकटीला चिकटते आणि गाबाचा परिणाम वाढवते. शिवाय ‘पेटा’ सांगणारा जो ग्लुटामेट, त्याचं एनएमडीए नावाचं दार दारू अर्धवट लोटून ठेवते. एकीकडून ब्रेक दाबला जातो, दुसरीकडून डिझेल कमी होतं. पहिल्या पेगची सैल मौज ती हीच.

पण वर्षानुवर्षं रोज हेच झालं तर मेंदू स्वस्थ बसत नाही. भरलेली गाडी घाट चढताना ड्रायव्हर काय करतो? खालचा गिअर टाकतो आणि ॲक्सिलरेटर दाबून धरतो. मेंदूही तेच करतो. गाबाच्या चौकटी कमी होतात. ज्या उरतात त्यांची घडणही बदलते: पाच प्रथिनांपैकी अल्फा-१ प्रकारचं प्रथिन मागे पडतं आणि त्याच्या जागी अल्फा-४ येतं, ज्यावर झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांचाही असर होत नाही. (अट्टल पिणाऱ्याला गुंगीचं औषध एवढं जास्त का लागतं, त्याचं हे एक कारण मानलं जातं.) उलट ग्लुटामेटची दारं वाढतात. परिणामी दोन क्वार्टर पोटात असतानाही माणूस सरळ चालतो, हिशेब करतो, गाडी रिव्हर्स लावतो. लोक म्हणतात, ‘त्याला चढतच नाही.’ चढतं, पण इंजिन फुल्ल थ्रॉटलवर ठेवून त्याने ते ओढून धरलेलं असतं.

आता कोणीतरी मागचा माल एका झटक्यात काढून घेतला. पाय मात्र ॲक्सिलरेटरवर तसाच आहे. नव्या चौकटी बनायला आणि वाढलेली दारं कमी व्हायला काही दिवस लागतात. दारू उतरायला पुरतात काही तास. दोन्हींतल्या या तफावतीत जे घडतं, ते हणमंतच्या तीन दिवसांत घडणार होतं. रक्तातली दारू शून्यावर यावी लागते असंही नाही. सवयीच्या पातळीखाली ती घसरू लागली की सुरुवात होते, म्हणून खंबाटकीत ७० मिलिग्रॅम असतानाच हात हलू लागले.

समजा शेवटचा घोट सोमवारी रात्री साडेदहाला झाला. मंगळवारी दुपारी हणमंत बंदराबाहेरच्या रांगेत उभा आहे. अंगाला घाम, नाडी शंभरच्या वर, अन्नाचा वास नको, कोणी हॉर्न वाजवला तरी दचकतो. मेंदूच्या खोडातून, शरीराला सावध करणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा मारा सुरू झालाय. मंगळवारी रात्री झोप नाही. या काळात, म्हणजे पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत, कधीही फिट येऊ शकते, आधी कधी आलेली नसली तरी. बुधवारी रात्रीपासून शुक्रवारपर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. ताप, वाढलेला रक्तदाब, वार-जागा यांचं भान सुटणं, अंगावर मुंग्या चढताना दिसणं. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात; हे नाव १८१३ मध्ये थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने दिलं. यातले रुग्ण आपला रोजचा धंदा पलंगावर करू लागतात. शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर न दिसणारा गिअर टाकतो. आणि मित्राच्या कथेप्रमाणे त्या वेळी हणमंत परतीची खेप घेऊन खऱ्या गाडीत बसलेला असणार.

हा सगळा प्रकार कुपोषणाचा असतो, दारू सुटल्याचा नव्हे, असं मानणारे डॉक्टर गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी तो वाद मिटवला. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दहा माणसांना चांगलं खायला घालून, जीवनसत्त्वं देऊन रोज भरपूर दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. सात ते चौतीस दिवस प्यायलेल्या चौघांचं थोडक्यात भागलं. अठ्ठेचाळीस ते सत्त्याऐंशी दिवस प्यायलेल्या सहा जणांत मात्र फिट्स आणि भ्रम दिसले. खाणंपिणं उत्तम असूनही. आज असा प्रयोग कोणतीही समिती मंजूर करणार नाही, तेव्हाही तो व्हायला नको होता.

घाबरवायचा हेतू नाही. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना घाम, कंप, जागरण एवढंच होतं. डेलिरियमपर्यंत शंभरात तीन ते पाचच जातात. पण ते कोण, हे ओळखण्याच्या खुणा आहेत. सकाळचा उतारा लागणं ही एक. पूर्वी सोडताना फिट आलेली असणं ही त्याहून मोठी. इथे आपला श्रावण आडवा येतो. गटारीला पोटभर, मग महिनाभर बंद, पुन्हा गणपतीनंतर सुरू. ज्याची सवय वरवरची आहे त्याला याने काही होत नाही. पण ज्याचा मेंदू आधीच थ्रॉटल दाबून बसलाय, त्याच्या बाबतीत प्रत्येक अचानक बंदी पुढच्या वेळेसाठी मेंदू अधिक ज्वलनशील करून ठेवते. पहिल्या श्रावणात नुसता घाम, चौथ्यात हातातला कप सांडतो, सातव्यात फिट. घरचे म्हणतात, ‘याला आता सोडवतच नाही, नाटकं करतो.’

गावाकडे अनेक जण तुळशीची माळ घालून दारू सोडतात. माळेबद्दल मला आदर आहे, कारण निर्णय टिकवायला चार माणसांसमोर दिलेला शब्द लागतो. पण माळ क्लोराइडची भोकं उघडत नाही. तेव्हा माळ आणि डॉक्टर, दोन्ही. राग येतो तो ‘न कळत जेवणात मिसळा’वाल्या पुड्यांचा. त्यात काय आहे ते कोणी सांगत नाही, आणि डायसल्फिरामसारखं औषध त्यात असलं व माणूस त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध माणसाला सांगूनच द्यायचं असतं.

खरा उपाय फारसा नाट्यमय नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात पहिले पाच-सात दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा त्याच्या भावंडातलं औषध देतात आणि रोज कमी करत आणतात. ते गाबाचाच जोर वाढवतं, म्हणजे काढलेला माल पुन्हा थोडा लादून हळूहळू उतरवायचा. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायामिनचं, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन. हा क्रम महत्त्वाचा, कारण साखर जाळायला मेंदूला थायामिन लागतं आणि पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं. नुसती साखर ओतली तर डोळे फिरणं, तोल जाणं, स्मृती कायमची जाणं इथपर्यंत मजल जाते. या गोळ्यांवर गाडी चालवायची नाही. मालकाला खेप सोडल्याचं सांगावं लागतं, आणि ड्रायव्हरला सगळ्यात जड जातं ते हेच. उपचार न मिळालेल्या डेलिरियममध्ये पूर्वी तीनात एक दगावायचा. आता वेळेत पोहोचला तर शंभरात पाचापेक्षा कमी.

मित्राने महिनाभराने नवा खर्डा पाठवला. सूर्योदय काढून टाकलाय. गाडीवरचा क्लीनर मालकाला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवतो आणि हणमंतला खंबाटकीखालच्या खंडाळ्याहून जीपमध्ये बसवून साताऱ्याला नेतो. केसपेपर भरताना नर्स विचारते, “शेवटची कधी घेतली, काका?” हणमंत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोटांवर तास मोजू लागतो, आणि बोटं हलत असल्यामुळे त्याची मोजदाद चुकते.