फ्रिज आणि फ्रीझरचे रीडिंग

घरगुती फ्रिजवर दिसणारे तापमान दूध, भाज्या आणि आइस्क्रीम नीट टिकण्याजोगे आहे का, हे पडताळण्याची पद्धत. फ्रिजचा कप्पा ४° सेल्सियस किंवा त्याखाली, पण शून्याच्या वर असावा आणि फ्रीझर −१८° असावा, हा रूढ दंडक. तेव्हा पडद्यावर ४ आणि −१८ दिसत असेल तर आकडे बरोबर आहेत. मात्र ते कशाचे आहेत, हे पाहावे लागते. पुष्कळ फ्रिज आपण ठरवून दिलेले तापमानच दाखवतात, आतले नव्हे. गोल बटणावरचे १ ते ५ हे तर अंशच नसतात.

दार उघडताच आतली हवा तापते, दूध इतक्या लवकर तापत नाही. म्हणून थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवतात आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचतात. फ्रीझरमध्ये तो गोठलेल्या पाकिटांच्या मधोमध खुपसतात. थर्मामीटरवरच शंका असेल तर बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी कालवून त्यात धरावा. ०° दाखवायला हवे.

समजा, पडद्यावर ४ आणि −१८ आहे, फ्रीझर मोजला तरी −१८ भरतो, पण ग्लासातले पाणी ८° आहे आणि दूध दोन दिवसांत तापवताना फाटते. वरचा कप्पा उत्तम आणि खालचा कोमट, ही जोडी हवा अडल्याची खूण आहे. बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये थंडी बहुधा फ्रीझरमागे तयार होते आणि पंखा ती झरोक्यातून खाली ढकलतो. झरोक्याला टेकून भाजीची पिशवी ठेवली की तिची पाने गोठून काचेसारखी होतात, नंतर गळतात. दाराजवळचे दूध मात्र आंबते. अशा वेळी सेटिंग आणखी थंड करणे हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. पिशवी हलवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. ग्लास ४° वर आला नाही, तर झरोक्यात आतून बर्फ धरला असेल किंवा पंखा बंद असेल. ते काम मेकॅनिकचे.

४° लाही दुधातले जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. लिस्टेरिया तर या थंडीतही सावकाश वाढतो. दाराचा कप्पा सर्वांत उबदार असल्यामुळे दूध आतल्या फळीवर ठेवणे बरे, जरी बाटलीची जागा दारातच केलेली असते.

आइस्क्रीम हा फ्रीझरचा प्रामाणिक साक्षीदार. −१८° ला ते घट्ट असते, −१२° च्या आसपास चमचा सहज रुततो. जंतूंची वाढ तिथेही होत नाही, पोत तेवढा बिघडतो. पण डबा तिरका असताना आइस्क्रीमचा पृष्ठभाग समपातळीत गोठलेला दिसला आणि खाताना बर्फाचे खडे लागले, तर ते मध्यंतरी पूर्ण वितळून पुन्हा गोठले आहे. मग आजचे रीडिंग −१८ असले तरी ते टाकावे.