बेल्स पडतात, वाद उरतो: नॉन-स्ट्रायकरचं धावबाद होणं आणि ‘क्षेत्ररक्षणात अडथळा’

१३ डिसेंबर १९४७. सिडनीची दुसरी कसोटी, गोलंदाज विनू मांकड, नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला बिल ब्राऊन. मांकड धावत आले, चेंडू हातातच ठेवला आणि क्रीझ सोडून पुढे सरकलेल्या ब्राऊनच्या मागच्या बेल्स उडवल्या. ब्राऊन १८ वर धावबाद. कसोटी क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर असा बाद होण्याची ही पहिलीच वेळ. पावसाने तो सामना अनिर्णित राहिला. ऑस्ट्रेलियाच्या १०७ धावा किंवा भारताच्या १८८ आज कुणाला आठवत नाहीत, पण त्या एका विकेटवरून पंचाहत्तरहून अधिक वर्षं भांडण चालू आहे.

या गोष्टीचा आधीचा अंक सांगताना बहुतेक जण गाळतात. महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, त्याच सिडनीच्या मैदानावर पाहुण्या भारतीय संघाचा ऑस्ट्रेलियन इलेव्हनशी सामना झाला होता. ब्रॅडमनचं प्रथमश्रेणीतलं शंभरावं शतक झालं तोच हा सामना. त्यातही ब्राऊन चेंडू पडायच्या आधीच निघत होते. मांकडनी आधी ताकीद दिली, तरी ते निघालेच, तेव्हा धावबाद केलं. म्हणजे कसोटीत जे घडलं ते दगाबाजीने नव्हे. एकदा सांगून, एकदा करून दाखवून झाल्यावर तिसऱ्यांदा काय सांगायचं?

तरीही ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांत टीका झाली आणि बाद होण्याच्या या प्रकाराला मांकडांचं नाव कायमचं चिकटलं. खुद्द ब्रॅडमन मात्र मांकडांच्या बाजूने उभे राहिले. चेंडू टाकला जाईपर्यंत नॉन-स्ट्रायकरने क्रीझमध्ये राहायचं असं नियमच सांगतो, गोलंदाजाला त्याला धावबाद करण्याची मुभा दिली आहे ती उगाच नाही, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. ब्राऊननीही मनात अढी ठेवली नाही. बाद होणारा आणि त्याचा कर्णधार यांची तक्रार नसताना बाकीचे एवढे का चिडले, हा प्रश्न म्हणूनच रंजक आहे.

आपल्याकडे, विशेषतः मुंबईत, हे नाव टोचतं. ज्या माणसाने १९५२ मध्ये लॉर्ड्सवर एकाच कसोटीत ७२ आणि १८४ धावा करून डावात पाच बळीही घेतले, त्याचं नाव जगाने एका ‘लबाडी’ला द्यावं? सुनील गावसकर ‘मांकडिंग’ या शब्दावर वर्षानुवर्षं आक्षेप घेत आले आहेत. चूक क्रीझ सोडणाऱ्याची, तर नावही त्याचंच लावा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. चोरी पकडणाऱ्याच्या नावाने चोरी ओळखली जावी, असा न्याय इतरत्र कुठे दिसत नाही.

आता त्या ‘चोरी’त किती माल आहे ते पाहू. दोन पॉपिंग क्रीझमधलं अंतर सुमारे १७.६८ मीटर. चपळ फलंदाज ही धाव साधारण तीन सेकंदांत काढतो असं धरलं, तर एक मीटर आधी निघणाऱ्याला सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याइतका वेळ फुकट मिळतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण धावबादचे निर्णय पडद्यावर बॅटचं टोक रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर ठरतात. तिथे हा सहावा हिस्सा दोन धावा आणि विकेट यांच्यातला फरक असतो. तो मिळवण्यासाठी फलंदाजाला काही कौशल्य लागत नाही, फक्त गोलंदाज बघणार नाही एवढी खात्री लागते.

मग नियम काय सांगतो? गोची इथेच आहे, कारण ‘कोणत्या क्षणापर्यंत’ या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीच्या २००० सालच्या संहितेप्रमाणे गोलंदाजाला हा प्रयत्न डिलिव्हरी स्ट्राइडमध्ये शिरण्याआधीच करता येत होता. मागचा पाय पडला की नॉन-स्ट्रायकर मोकळा, कारण त्यानंतर गोलंदाजाच्या हातात चेंडू असूनही त्याला काही करता येत नसे. २०११ मध्ये आयसीसीने आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ही मर्यादा पुढे ढकलली आणि २०१७ च्या संहितेत एमसीसीनेही तेच केलं: गोलंदाजाने एरवी ज्या क्षणी चेंडू सोडला असता, त्या क्षणापर्यंत नॉन-स्ट्रायकरला धोका. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तर हे कलम ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून उचलून साध्या ‘धावबाद’मध्ये नेलं गेलं. कायद्याच्या लेखी कलंक पुसला गेला.

पण ‘एरवी ज्या क्षणी चेंडू सोडला असता’ हा क्षण प्रत्यक्षात घडतच नाही, तो पंचाला कल्पनेने ठरवावा लागतो. मार्च २०१९ मध्ये जयपूरला अश्विनने जोस बटलरला ६९ वर बाद केलं, तेव्हा सगळा वाद याच क्षणावर होता. अश्विनचा पुढचा पाय पडला तेव्हा बटलर क्रीझमध्येच होता. अश्विन थबकला, बटलर सवयीने पुढे सरकला, बेल्स पडल्या. तिसऱ्या पंचाने बाद दिलं. एमसीसीने आधी निर्णय नियमात बसतो असं म्हटलं, मग दुसऱ्या दिवशी थांबा जास्त लांबला आणि ते खेळभावनेला धरून नव्हतं, असा सूर लावला. नियम लिहिणारेच चोवीस तासांत डगमगले, तर चौकातल्या माणसाने एकमत करावं ही अपेक्षा जरा जास्तच.

उलट टोकाचं उदाहरण जानेवारी २०२३ चं. मेलबर्नला बिग बॅशमध्ये अॅडम झॅम्पाने नॉन-स्ट्रायकरच्या बेल्स पाडल्या. फलंदाज क्रीझबाहेर होता, तरी नाबाद, कारण झॅम्पाचा हात उभ्या रेषेच्या पुढे गेला होता. चेंडू सुटायचा क्षण उलटला, मग वेळ संपली. त्यानंतर एमसीसीने कलमाची शब्दरचना आणखी स्पष्ट केली.

तिसरा वाद ताकिदीचा. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या शेवटच्या जोडीने ३५ धावा जोडून सामना ओढत आणला होता. चार्ली डीन ४७ वर होती. दीप्ती शर्माने तिला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं आणि झूलन गोस्वामीच्या अखेरच्या सामन्यात भारत १६ धावांनी जिंकला. दीप्तीने नंतर सांगितलं, आम्ही आधी ताकीद दिली होती. दुखापतीमुळे त्या सामन्यात नसलेली इंग्लंडची तेव्हाची नियमित कर्णधार हेदर नाइट म्हणाली, मुळीच नाही. खरं तर हा वाद नियमाच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण ताकीद द्यावी असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. ती प्रथा आहे. मांकडांनी नोव्हेंबरमध्ये ती पाळली आणि लोकांनी तिला अट समजायला सुरुवात केली, असंही म्हणता येईल.

इथवरचा वाद क्षणाचा होता. ‘क्षेत्ररक्षणात अडथळा’ यात वाद मनाचा असतो. फलंदाजाने मुद्दाम अडवलं का, हे पंचाने ठरवायचं.

कसोटीत या प्रकारे बाद झालेला पहिला फलंदाज: लेन हटन, ऑगस्ट १९५१, ओव्हल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. अॅथॉल रोवानच्या चेंडूवर स्वीप करताना चेंडू वर उडाला. तो यष्टींवर पडेल या भीतीने हटननी बॅटने त्याला झटका दिला. यष्टिरक्षक रसेल एन्डीन झेल घ्यायच्या पवित्र्यात होता, त्याचा झेल गेला. हटन २७ वर बाद. आपल्या यष्टी वाचवण्यासाठी चेंडू दुसऱ्यांदा मारायला हरकत नसते, पण त्यात झेल अडला तर ती सबब चालत नाही. हटनना झेल अडवायचा होता असं तेव्हाही कुणी फारसं म्हटलं नाही. तरी निर्णय बरोबर होता. गंमत अशी की, १९५७ मध्ये केपटाऊनला हाच एन्डीन यष्टींकडे जाणारा चेंडू हाताने बाजूला सारून ‘हँडल्ड द बॉल’ बाद झाला. तो प्रकार २०१७ पासून ‘अडथळा’ याच कलमात विलीन झाला आहे. म्हणून २०२३ मध्ये मीरपूरला मुशफिकुर रहीमने न्यूझीलंडविरुद्ध चेंडू हाताने ढकलला, तेव्हा त्याच्या नावापुढे हेच लिहिलं गेलं. त्यावर वाद झाला नाही, कारण तो चेंडू यष्टींकडे जातही नव्हता.

वाद होतो तो २०१५ च्या लॉर्ड्ससारखा. मिचेल स्टार्कने चेंडू अडवून यष्टींच्या दिशेने फेकला. क्रीझबाहेर असलेला बेन स्टोक्स मागे वळताना त्याचा हात वर गेला आणि चेंडू हाताला लागला. स्वतःला वाचवण्याची प्रतिक्षिप्त क्रिया की मुद्दाम केलेला अडथळा? जखम टाळण्यासाठी हात वापरला तर फलंदाज नाबाद असतो. तिसऱ्या पंचाने संथ गतीतली दृश्यं पाहून बाद दिलं. माझा आक्षेप त्या संथ गतीवरच आहे. अर्ध्या सेकंदात झालेली हालचाल पाच सेकंदांत ताणून दाखवली की सगळंच ठरवून केल्यासारखं वाटतं.

पळतानाच्या अडथळ्यासाठी आयसीसीने २०११ पासून एक मोजपट्टी दिली: सबळ कारणाशिवाय फलंदाजाने पळण्याची दिशा लक्षणीय बदलली आणि चेंडूच्या मार्गात आला, तर बाद. मे २०२४ मध्ये चेपॉकवर रवींद्र जडेजा याच मोजपट्टीत सापडला. दुसऱ्या धावेसाठी तो अर्ध्या वाटेवर आला, ऋतुराज गायकवाडने परत पाठवलं, आणि वळून परतताना तो फेकीच्या रेषेत आला. संजू सॅमसनची फेक त्याच्या अंगावर आदळली. जडेजाने चेंडूकडे बघून रेषा पकडली, असं राजस्थानच्या बाजूचं म्हणणं. तर चेन्नईचा फलंदाजी प्रशिक्षक माइक हसी म्हणाला की दोन्ही बाजू समजू शकतो. तो सरळ परत फिरायचा प्रयत्न करत होता आणि वळताना कोन बदलला, एवढंच. तिसऱ्या पंचाने बाद दिलं. जामनगरचे मांकड जिथे रेषा ओलांडणाऱ्याला पकडून बदनाम झाले, तिथे जामनगरचाच जडेजा रेषेत आल्यामुळे बाद झाला.

दोन्ही प्रकारांत गोलंदाजाच्या खात्यात बळी जमा होत नाही आणि दोन्हींत अपील लागतं. अपील केलं तरी कर्णधार ते पंचांच्या संमतीने, फलंदाज मैदान सोडण्यापूर्वी, मागे घेऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला मोहम्मद शमीने ९८ वर असलेल्या दासुन शनाकाला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं, तेव्हा रोहित शर्माने अपील मागे घेतलं. शनाकाने शतक पूर्ण केलं आणि भारत सामना जिंकला. २०१२ मध्ये ब्रिस्बेनला अश्विनने लाहिरू थिरिमानेला असंच पकडलं होतं, तेव्हाही सेहवागने अपील मागे घेतलं होतं. पुढचा कर्णधारही तेच करील का, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.