शनिवार-रविवारच्या कार्यशाळेसाठी एकपानी वेबसाइट: नोंदणी आणि पैसे यांची सांगड कशी घालतो

कार्यशाळा घेणारे आमचे बहुतेक ग्राहक आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचं सगळं काम व्हॉट्सॲपवर चाललेलं असतं. पोस्टर फिरतं, खाली मोबाइल नंबर असतो. लोक "जागा आहे का?" विचारतात, पैसे पाठवून स्क्रीनशॉट टाकतात आणि आयोजक वहीत नावं उतरवून घेतात. पाच-सहा जण असतील तोवर हे निभतं. त्यापुढे कोणाचे पैसे आले, कोणाचे यायचेत, एकाने दोघांचे भरले का, याचा मेळ घालण्यातच आठवडा जातो. एकपानी वेबसाइटने हे काम हलकं होतं, मात्र त्यासाठी नाव, जागा आणि पैसे या तिन्ही गोष्टी एकाच नोंदणी क्रमांकाला बांधलेल्या हव्यात. हे पत्रक मुख्यतः त्याबद्दल आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. चाकावर मातीची भांडी घडवायची दोन दिवसांची कार्यशाळा, शनिवार १७ आणि रविवार १८ जानेवारी २०२६. चाकं दहा आहेत म्हणून जागाही दहाच. शुल्क प्रत्येकी २,५०० रुपये.

पानावर काय, कुठे

तुमचं पान जवळजवळ सगळे जण फोनवर बघणार. त्यामुळे बोटाने खाली सरकवण्याआधी जेवढा भाग दिसतो, त्यातच विषय, वार-तारीख-वेळ, गाव आणि ठिकाण, शुल्क, उरलेल्या जागा आणि "नोंदणी करा" हे बटण आलं पाहिजे. शिकवणाऱ्यांची ओळख, दोन दिवसांचं वेळापत्रक, सोबत काय आणायचं, गाडी कुठे लावायची हे त्याखाली.

पोस्टरचं चित्र जसंच्या तसं पानावर चिकटवू नका, असा आमचा आग्रह असतो. चित्रातली अक्षरं फोनवर बारीक दिसतात, गूगलला नीट सापडत नाहीत आणि वेळ बदलली तर अख्खं चित्र नव्याने करावं लागतं. मजकूर मजकूर म्हणूनच लिहायचा. फोटो दोन-तीन पुरेत, तेही प्रत्येकी २०० केबीच्या आत, म्हणजे नेटवर्क मंद असलं तरी पान उघडतं.

लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की तिच्यासोबत एक छोटं चित्र आणि शीर्षक दिसतं. ते आम्ही वेगळं तयार करून देतो. तारीख बदलली आणि पान दुरुस्त केलं, तरी तिथे पुष्कळदा जुनंच चित्र दिसत राहतं, कारण व्हॉट्सॲपने ते साठवून ठेवलेलं असतं. अशा वेळी लिंकच्या शेवटी `?v=2` जोडून ती नव्याने पाठवा. पान तेच उघडतं, पण चित्र नवं येतं.

नुसती यूपीआय लिंक का पुरत नाही

"आमचा क्यूआर टाका ना पानावर, झालं काम," असं बरेच जण म्हणतात. ते खरंच करता येतं आणि त्याला वेगळा खर्चही नाही. क्यूआरमध्ये किंवा बटणामागे साधारण अशी ओळ असते:

```
upi://pay?pa=naav@bank&pn=Karyashala&am=2500.00&cu=INR&tn=MATI-07
```

`pa` म्हणजे पैसे ज्या यूपीआय आयडीवर जायचे तो, `pn` म्हणजे घेणाऱ्याचं नाव, `am` रक्कम, `cu` चलन आणि `tn` म्हणजे सोबतची टीप. टिपेत आम्ही नोंदणी क्रमांक घालून देऊ शकतो. अडचण पुढे येते. समोरच्याने पैसे भरले की नाही, हे या ओळीतून तुमच्या पानाला कधीच कळत नाही. निरोप बँकेकडून फक्त तुमच्या फोनवर येतो. मग पान आठ जागा शिल्लक दाखवत राहतं आणि प्रत्यक्षात तीनच उरलेल्या असतात.

स्क्रीनशॉटला पुरावा मानू नका. जुना स्क्रीनशॉट तारीख बदलून पाठवता येतो आणि हुबेहूब पावती दाखवणारी खोटी ॲपही आहेत. खात्री करायची तर यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, म्हणजे यूटीआर, स्वतःच्या बँक खात्याच्या उताऱ्यात शोधायचा. तो तिथे असेल तरच पैसे आले. दहा जणांसाठी हे हाताने करता येतं, चाळीस जणांसाठी फार जाचक होतं.

आणखी एक त्रास आहे. कोणी तुमचं पान इन्स्टाग्रामच्या आतूनच उघडलं, तर तिथल्या ब्राउझरमधून यूपीआय ॲप बऱ्याचदा उघडतच नाही. बटण दाबून काही होत नाही आणि माणूस कंटाळून निघून जातो. म्हणून बटणाखाली क्यूआर आणि यूपीआय आयडी दोन्ही ठेवावे लागतात.

आमचा सल्ला असा: जागा दहा-बारा असतील आणि येणारे बहुतेक ओळखीतले असतील, तर यूपीआयची साधी लिंक चालेल. अनोळखी लोक येणार असतील किंवा जागा जास्त असतील, तर पेमेंट गेटवे घ्या, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी सेवा.

गेटवे असला की काय बदलतं

गेटवेत पैसे जमा झाले की गेटवेचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला स्वतःहून निरोप धाडतो. याला वेबहुक म्हणतात. त्यात नोंदणी क्रमांक, रक्कम आणि व्यवहार क्रमांक असतो. निरोप आला की यादीत त्या नावापुढे "पक्की" लागतं, पानावरची एक जागा कमी होते आणि नोंदणी करणाऱ्याला ईमेल जातो. हा निरोप गेटवेकडूनच आला आहे ना, हे त्यावरची डिजिटल सही तपासून ठरवतो.

काही स्वस्त मांडण्यांमध्ये पैसे भरून माणूस "धन्यवाद" या पानावर परत आला की नोंदणी पक्की धरतात. आम्ही तसं करत नाही. यूपीआय ॲपमध्ये पैसे भरल्यावर कित्येक जण ब्राउझरकडे परत येतच नाहीत, तिथूनच फोन खिशात टाकतात. पैसे आलेले असतात, नोंद मात्र नसते.

आता आपल्या उदाहरणातली शेवटची जागा बघा. मंगळवारी संध्याकाळी नऊ जागा पक्क्या आहेत आणि दोघींनी एकाच सुमारास अर्ज भरला. जिचा अर्ज आधी पोचला, तिच्या नावावर दहावी जागा वीस मिनिटं राखून ठेवली जाते आणि तिला पैसे भरायची लिंक मिळते. दुसरीला त्याच क्षणी "जागा राखीव आहे, प्रतीक्षा यादीत नाव लावू का?" असं विचारलं जातं. तिच्याकडून पैसे घेतले जात नाहीत. वीस मिनिटांत पहिलीचे पैसे आले तर जागा तिची. नाही आले तर लिंक बंद होते आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला जाते.

मधला एक प्रकार उरतोच. पहिलीच्या खात्यातून पैसे वजा झाले, पण बँकेकडून "प्रलंबित" असंच उत्तर आलं. अशा वेळी ती घाबरून पुन्हा पैसे भरते आणि गोंधळ दुप्पट होतो. म्हणून पानावर ठळक लिहितो: "पैसे कापले गेले पण नोंदणीचा ईमेल आला नाही, तर पुन्हा भरू नका. नोंदणी क्रमांक आम्हाला कळवा." रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला केलेला व्यवहार असा अडकला, तर रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. आणि समजा पहिलीचे पैसे उशिरा आले, तोवर जागा दुसरीला गेली, तर यादीत त्या नावापुढे "पैसे आले, जागा नाही" असं दिसतं. तिला पैसे परत करायचे की पुढच्या तुकडीत घ्यायचं, हे तुम्ही तिच्याशी बोलून ठरवा. हा निर्णय आम्ही यंत्रावर सोडत नाही.

हातात किती पडतं, कधी पडतं

गेटवेचं शुल्क २ टक्के धरलं तर २,५०० वर ५० रुपये आणि त्या ५० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९ रुपये. तुमच्या खात्यात २,४४१ येतात, दहा जागांचे २४,४१०. यूपीआयवर बँकांचा एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, २०२० पासून शून्य आहे, तरी गेटवे स्वतःचं सेवाशुल्क लावू शकतो. करार करताना हे विचारून घ्या.

पैसे लगेच खात्यात येत नाहीत, साधारण दोन-तीन कामाचे दिवस लागतात. शुक्रवारी भरलेले पैसे मंगळवार-बुधवारी दिसले तर नवल नाही. मातीची आगाऊ रक्कम आणि जेवणाचे पैसे कार्यशाळेच्या आधी द्यायचे असतील, तर नोंदणी निदान आठवडाभर आधी बंद करा.

पैसे परत करायचे नियम पानावर स्पष्ट लिहिलेच पाहिजेत, गेटवेही ते मागतो. उदाहरणार्थ: १० जानेवारीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम, १४ पर्यंत निम्मी, त्यानंतर परतावा नाही, पण त्याच जागी दुसरी व्यक्ती पाठवता येईल. रक्कम परत केली तरी गेटवेने कापलेले ५९ रुपये सहसा तुम्हाला परत मिळत नाहीत, हे नियम ठरवताना लक्षात ठेवा. त्याखाली आम्ही एक ओळ कायम घालतो: "परताव्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कोणी मागितला तर देऊ नका." कार्यशाळेच्या नावाने फसवे फोन येतात तेव्हा हीच ओळ लोकांच्या कामी येते.

अर्जात काय विचारायचं

नाव, मोबाइल, ईमेल, किती जण आणि जेवणाबद्दल एक प्रश्न: उपवास किंवा काही वर्ज्य आहे का. एवढं पुरे. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक भांडी घडवायला लागत नाहीत. जी माहिती आपण गोळा करतो ती सांभाळायची जबाबदारीही आपल्यावर येते. म्हणून कार्यशाळा झाल्यावर यादी किती दिवस ठेवणार तेही पानावर लिहितो. हिशेबाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, जेवणाच्या आवडीनिवडी नाही.

सुरुवात करताना

गेटवेचं खातं तुमच्याच नावावर उघडायचं, आमच्या नाही. पैसे थेट तुमच्या बँकेत जातात, आमच्याकडून फिरून नाही. त्यासाठी पॅन, बँक खात्याचा तपशील आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षरशः जुळत नसेल तर पडताळणी अडकते, म्हणून दोन्ही आधी शेजारी ठेवून बघा. संपर्क, अटी, परतावा आणि गोपनीयता हे मजकूर पानावर असल्याशिवाय गेटवे सहसा मंजुरी देत नाही. ते आम्ही पान बांधतानाच टाकतो आणि मगच अर्ज करायला सांगतो. पडताळणीला कधी दोन दिवस लागतात, कधी आठवडा, म्हणून जाहिरात सुरू करायच्या निदान तीन आठवडे आधी आमच्याकडे या.

येताना तारीख, ठिकाणाचा नकाशा, जागांची खरी संख्या, शुल्क, परताव्याचे नियम आणि दोन-तीन फोटो आणा. पान तयार झालं की सर्वांना लिंक पाठवण्याआधी शुल्क तात्पुरतं एक रुपया करून आपण दोघांनी, दोन वेगळ्या फोनवरून आणि दोन वेगळ्या ॲपमधून, नोंदणी करून बघायची. यादीत दोन्ही नावं "पक्की" दिसली, जागा दहाच्या आठ झाल्या आणि परत केलेला रुपया खात्यात आला की शुल्क पुन्हा २,५०० करून, चाचणीची नावं काढून पान खुलं करतो.