एबीसी पद्धतीची पार्श्वभूमी: साठ्याचे तीन वर्ग कसे पडले

मार्चअखेरीस दुकानातला माल मोजायला घेतला की बहुतेक ठिकाणी मोजणी दारापासून सुरू होते आणि मागच्या खोलीपर्यंत जाते. खिळ्यांची पाकिटे आणि तांब्याच्या वायरची बंडले यांना त्या मोजणीत सारखाच वेळ मिळतो. मालाचे वार्षिक मूल्यानुसार तीन वर्ग पाडून आधी कुठे लक्ष द्यायचे हे ठरवणारी एबीसी पद्धत नेमकी याच अडचणीवर उपाय म्हणून पुढे आली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या फोर्ड डिकी यांनी १९५१ साली एका औद्योगिक मासिकात ती मांडली. ही पद्धत डॉलरवर नेम धरते, सुट्या नाण्यांवर नाही, असे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगितले होते. त्या काळी प्रत्येक सुट्या भागाची नोंद कारकून हाताने कार्डावर ठेवत असे, त्यामुळे हजारो भागांवर सारखी देखरेख ठेवणे हा मोठा खर्च होता. ए, बी, सी ही केवळ पहिली तीन अक्षरे आहेत. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत त्यांचा ‘ऑल्वेज बेटर कंट्रोल’ असा विस्तार सापडतो, पण तो मागाहून जोडलेला आहे.

या पद्धतीचे मूळ मात्र गोदामात नाही. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवेगळ्या देशांतील करनोंदी तपासल्या आणि उत्पन्नाची वाटणी सगळीकडे जवळजवळ सारख्याच आकाराची, म्हणजे मूठभरांकडे झुकलेली असल्याचे दाखवले. ही विषमता वक्ररेषेने दाखवण्याची रीत मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ साली दिली. पुढे गुणवत्ता नियंत्रणाचे अभ्यासक जोसेफ जुरान यांना आढळले की कारखान्यातील बहुतांश नुकसानही थोड्याच प्रकारच्या दोषांमुळे होते. त्यांनी या निरीक्षणाला पारेतोचे नाव दिले. पारेतो संपत्तीविषयी बोलत होते, इतर क्षेत्रांपर्यंत तो विचार आपणच ताणला, अशी कबुली जुरान यांनी १९७५ साली स्वतःच दिली. त्यांची दुसरी दुरुस्ती साठ्याच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. ‘मोजके महत्त्वाचे आणि बाकीचे क्षुल्लक’ या आपल्या शब्दप्रयोगातील ‘क्षुल्लक’ काढून त्यांनी नंतर ‘उपयुक्त’ हा शब्द घातला. सर्वांत कमी मूल्याच्या सी वर्गाकडे पाहताना ही दुरुस्ती ध्यानात ठेवावी लागते, कारण एबीसीचा सर्वांत मोठा गैरवापर याच ठिकाणी होतो.

प्रत्यक्ष मांडणी पाहण्यासाठी विजेच्या सामानाचे एक लहान दुकान कल्पू आणि त्यातील फक्त दहा वस्तू घेऊ. प्रत्येक वस्तूचे वर्षभरात विकलेले नग गुणिले तिची खरेदी किंमत म्हणजे तिचे वार्षिक मूल्य. वायरची २४० बंडले प्रत्येकी १,५०० रुपयांना घेतली, तर ३,६०,००० रुपये होतात. १,४०० रुपयांचे १२० पंखे १,६८,००० रुपयांचे होतात. इन्सुलेशन टेपचे १,२५० रोल प्रत्येकी ८ रुपयांनी केवळ १०,००० रुपयांचे भरतात. दहाही वस्तूंची बेरीज ७,५०,००० रुपये आहे असे धरू. यादी मोठ्या रकमेपासून उतरत्या क्रमाने लावून पुढे पुढे बेरीज करत गेलो, तर वायर आणि पंखे या दोनच वस्तूंवर ७० टक्के रक्कम पूर्ण होते. हा ए वर्ग. एमसीबी, एलईडी बल्ब आणि स्विच यांची मिळून आणखी १,६२,००० रुपयांची भर पडते आणि बेरीज ९२ टक्क्यांवर पोहोचते. हा बी वर्ग. पीव्हीसी पाइप, होल्डर, टेप, स्क्रू आणि क्लिपा या उरलेल्या पाच वस्तू फक्त ८ टक्के रकमेच्या आहेत, त्या सी वर्गात जातात. ७० आणि ९० टक्क्यांच्या आसपासच्या या सीमा संकेताने ठरलेल्या आहेत. यादीत जिथे रक्कम एकदम घसरते तिथे रेघ ओढणे अधिक शहाणपणाचे असते.

या गणितात दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे वर्षभराच्या खपाऐवजी आज फळीवर पडलेल्या मालाचे मूल्य धरणे. असे केले की तीन वर्षे न विकलेले झुंबर ए वर्गात जाते आणि आठवड्याला संपणारी वायर खाली घसरते. दुसरी चूक म्हणजे खरेदी किमतीऐवजी विक्रीची किंमत घेणे. ज्या वस्तूंवर नफा जास्त, त्या मग नाहक वर चढतात, वास्तविक दुकानाचा अडकलेला पैसा खरेदी किमतीतच असतो.

वर्ग पडले की मोजणीचे वेळापत्रक ठरते. ए वर्ग दर महिन्याला, बी वर्ग तिमाहीला आणि सी वर्ग सहामाहीला मोजला, तर आपल्या दहा वस्तूंच्या वर्षभरात ४६ मोजण्या होतात. सगळ्याच वस्तू दरमहा मोजल्या असत्या तर त्या १२० झाल्या असत्या. शिवाय ४६ पैकी २४ मोजण्या दोनच वस्तूंच्या वाट्याला येतात. फरक आढळल्यावरची वागणूकही वर्गानुसार बदलते. एक पंखा कमी भरला तर त्याच दिवशी बिले, डिलिव्हरी चलन आणि परत आलेल्या मालाची नोंद ताडून पाहायची. टेपचे चार रोल कमी भरले तर वहीत दुरुस्ती करून पुढे जायचे. टेपसाठी रोज नोंद ठेवण्याचीही गरज नाही. एक उघडे आणि एक बंद असे दोन डबे ठेवावेत आणि बंद डबा उघडावा लागला की नवी मागणी नोंदवावी.

राखणीचा प्रश्न मात्र एबीसीने पुरता सुटत नाही. वायरचे बंडल ए वर्गात असले तरी खिशात घालून नेता येत नाही, एमसीबी बी वर्गात असूनही सहज नेता येतो. म्हणून भारतातील साठा व्यवस्थापनात एका नगाच्या किमतीवर आधारलेली एचएमएल ही वेगळी वर्गवारी वापरली जाते आणि कोणती वस्तू कुलपात ठेवायची हे ठरवताना तिचा आधार घेतात. लहान दुकानदाराने वस्तूचा आकारही त्यात धरावा, असे मला वाटते.

एबीसी फक्त पैसा पाहते आणि तिची खरी मर्यादा हीच आहे. ही मर्यादा इस्पितळांच्या औषधभांडारांत स्पष्ट दिसते, म्हणून तिथे व्हीईडी, म्हणजे प्राणरक्षक, आवश्यक आणि ऐच्छिक अशी दुसरी वर्गवारी शेजारी ठेवतात. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील औषधभांडाराचा २००७-०८ या वर्षाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे ४२१ औषधांपैकी ५८ औषधांवर जवळपास ७० टक्के खर्च होत होता. प्राणरक्षक ठरवलेली औषधे ५१ होती. दोन्ही वर्गवाऱ्या एकत्र करून, म्हणजे ए वर्गातील ती ५८ आणि सगळी प्राणरक्षक औषधे घेऊन, कडक देखरेखीचा गट केला, तेव्हा त्यात ९३ औषधे आली. याचा अर्थ असा की ५१ प्राणरक्षक औषधांपैकी ३५ औषधे ए वर्गाबाहेर होती. केवळ रकमेवर विसंबले असते, तर ती कडक देखरेखीतून निसटली असती. विजेच्या दुकानातही आठ रुपयांची टेप नसली की वायरमन उरलेले सामानही दुसऱ्या दुकानातून घेतो. म्हणून सी वर्गात मोजणी विरळ ठेवावी, पण साठा सढळ ठेवावा.

वर्ग एकदा पाडले म्हणजे कायमचे झाले असेही नाही. पंख्यांचे वार्षिक मूल्य उन्हाळ्यातील काही महिन्यांतच जमा होते, त्यामुळे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत ते दर आठवड्याला मोजावेत आणि पावसाळा लागला की महिन्यातून एकदा मोजणे पुरते. तांब्याचा भाव चढला तर खप तोच राहूनही वायरचा वाटा वाढतो. यादी वर्षातून एकदा, नव्या खरेदी किमती घालून, पुन्हा मांडावी लागते.