गोठवलेली मटकीची उसळ आणि वरण

एकाच दिवशी भरपूर उसळ, वरण आणि वाटण करून एकेका जेवणाचे डबे फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि पुढचे दोन-तीन आठवडे रात्री गरम करून खायचे, अशी ही पद्धत. मिसळीच्या नाशकात मोड आलेली मटकी घरोघरी लागतेच, त्यामुळे इथे सुरुवात बहुधा मटकीपासून होते.

मोड आले की प्रथिने वाढतात, हा समज फसवा आहे. वाढते ते मुख्यतः पाण्याचे वजन. म्हणून हिशेब कोरड्या मटकीवर करावा. अर्धा किलो मटकीत सुमारे ११५ ग्रॅम प्रथिने असतात. तिचे सहा डबे केले, तर डब्यामागे १९ ग्रॅम पडतात. सोबत ५० ग्रॅम तुरीच्या डाळीचे घट्ट वरण घेतले, की ताटात साधारण ३० ग्रॅम होतात.

कच्चे मोड तसेच गोठवले तर बर्फाचे कण त्यांच्या पेशी फोडतात आणि वितळल्यावर मटकी लिबलिबीत होते. ती आधी उकडावी, पण दाणा थोडा टणक राखून, कारण उरलेले शिजणे गरम करताना होते. कांदा-खोबऱ्याचे भाजून परतलेले वाटण गोठवायला उत्तम. बटाटा मात्र स्पंजासारखा होतो आणि दह्याचा रस्सा फुटतो, तेव्हा हे दोन्ही आयत्या वेळी घालावेत. वरणही बिनफोडणीचेच ठेवावे. शिळ्या फोडणीला वास राहत नाही.

घात होतो तो पातेले रात्रभर ओट्यावर निवत ठेवल्याने, त्यातही एप्रिल-मेच्या उकाड्यात. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि कोमट, दाट पदार्थात झपाट्याने वाढतात. गोठवण्याने ते मरत नाहीत, फक्त थांबतात. काहींचे विष पुन्हा उकळूनही जात नाही, आणि वासावरून ते नेहमी कळतेच असे नाही. म्हणून उसळ परातीत पसरावी, परात गार पाण्यात ठेवावी आणि दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये सरकवावी. पूर्ण गार झाली की डबे फ्रीझरमध्ये जातात. तिथे उणे १८ अंश लागतात. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा अनेकदा तेवढा थंड होत नाही, त्यात आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नये.

खायच्या आदल्या रात्री डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणावा. दुसऱ्या दिवशी वरण गोळा झालेले, कडेने पाणी सुटलेले दिसते. ते बिघडलेले नसते. गरम पाणी घालून रवीने घुसळले की एकजीव होते. मग खळखळून उकळी आणून वरून ताजी फोडणी द्यावी. उरलेले परत गोठवू नये.

बाहेरगावी जाताना वाटीभर बर्फावर नाणे ठेवावे. परतल्यावर ते बर्फाच्या तळाशी रुतलेले दिसले, तर मधे वीज बराच वेळ गेली होती असे समजून सगळे डबे टाकून द्यावेत.