प्लस-पत्ता आणि अलायस : ईमेल आयडी कुणाकडून फुटला ते शोधण्याची पद्धत

प्रत्येक संकेतस्थळाला आपल्या ईमेल आयडीचे थोडे वेगळे रूप द्यायचे आणि पुढे नको असलेली मेल आली, की ती कोणत्या रूपावर आली ते पाहायचे, अशी ही पद्धत आहे. परीट कपड्याच्या आतल्या बाजूला खूण करतो, तशी ही खूण पत्त्यावरच केलेली असते. मेल मात्र सगळी एकाच खात्यात येते. खूण दोन प्रकारे करतात. नेहमीच्या पत्त्यात अधिकचे चिन्ह घालून पुढे एखादा शब्द जोडला की तो प्लस-पत्ता होतो. मूळ पत्ता अजिबात न दाखवता मेल पुढे धाडणारा पूर्ण स्वतंत्र पत्ता घेतला, तर त्याला अलायस म्हणतात.

हे चालते कसे

ईमेलच्या नियमांप्रमाणे @ च्या डावीकडच्या भागाचा अर्थ लावायचा अधिकार फक्त उजवीकडच्या डोमेनच्या सर्व्हरला असतो. वाटेतल्या कोणत्याही यंत्रणेने त्यात ढवळाढवळ करायची नसते. म्हणून घेणाऱ्या सर्व्हरने ‘अधिकच्या चिन्हापासून पुढचे सोडून द्या, आधीचे नाव ते खातेदाराचे’ असे ठरवले, की काम झाले. सुलभा नावाच्या बाईंचा पत्ता `sulbha@example.com` असेल, तर `sulbha+pustak@example.com` वर आलेले पत्रही त्यांच्याच पेटीत पडते. नवे खाते उघडावे लागत नाही, कुठे नोंदही करावी लागत नाही. पुस्तकांच्या दुकानाच्या फॉर्मवर तो पत्ता टाइप केला, त्या क्षणी तो अस्तित्वात आला.

जीमेल आणि आउटलुक डॉट कॉमवर हे आपोआप चालते. स्वतःचा सर्व्हर चालवणारे पोस्टफिक्स या मेल-सर्व्हरमध्ये एक ओळ लिहितात :

```
recipient_delimiter = +
```

क्यूमेल या जुन्या सर्व्हरमध्ये अधिकच्या चिन्हाऐवजी संयोगचिन्ह वापरायची रीत आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ती जास्त शहाणपणाची ठरली.

एक माग, पायरीपायरीने

समजा सुलभाबाईंनी ऑनलाइन पुस्तक दुकानाला `sulbha+pustak7k2@example.com` असा पत्ता दिला. शब्दापुढचे `7k2` मुद्दाम आहे. नुसते `+pustak` असते, तर ते कुणीही अंदाजाने टाइप करू शकते. `+bank` किंवा `+amazon` तर स्पॅम पाठवणाऱ्याला सहज सुचेल, आणि मग खूण पुरावा राहत नाही. कोणती खूण कुणाला दिली याची नोंद पासवर्ड मॅनेजरमध्ये त्या दुकानाच्या लॉगिनसोबत तारखेसह ठेवावी. दोन वर्षांनी `7k2` म्हणजे काय ते आठवणार नाही.

आठ महिन्यांनी कर्जाची जाहिरात येते. ‘To’ च्या ओळीत कुणा भलत्याचाच पत्ता आहे, कारण स्पॅम बहुधा बीसीसीने, म्हणजे घेणाऱ्यांचे पत्ते लपवून येतो. ती ओळ पाठवणारा हवी तशी लिहू शकतो, त्यामुळे तिच्यावर विसंबून उपयोग नाही. मेलचा मूळ मजकूर उघडायचा (जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूत तो पर्याय असतो) आणि आपल्या सर्व्हरने लिहिलेली, ‘for’ असलेली सर्वांत वरची Received ओळ वाचायची :

```
Received: from mail.example.net ([203.0.113.9])
  by mx.example.com
  for <sulbha+pustak7k2@example.com>;
  Tue, 4 Mar 2025 09:12:40 +0530
```

‘for’ च्या पुढचा पत्ता हाच खरा माग. तो आपल्याच सर्व्हरने लिहिलेला असल्यामुळे पाठवणाऱ्याला बनावट करता येत नाही. पुस्तक दुकानाला दिलेला पत्ता कर्जवाल्याच्या हाती पोचला आहे, एवढे इथे पक्के झाले. पण एवढेच पक्के झाले.

खूण काय सांगते आणि काय नाही

पत्ता कुठे दिला होता ते खूण सांगते. तो कुणी उचलला ते सांगत नाही. बहुतेक तक्रारदार नेमके इथेच घसरतात. ‘तुम्ही माझा आयडी विकला’ अशी मेल पाठवतात, आणि कंपनी खरेपणाने ‘आम्ही कुणालाही विकत नाही’ असे कळवते.

फाइली ऑनलाइन ठेवायची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सचे २०१२ सालचे प्रकरण यासाठी समजून घेण्यासारखे आहे. त्या वर्षी जुलैच्या मध्यावर युरोपातल्या अनेक वापरकर्त्यांना ऑनलाइन जुगाराची स्पॅम मेल येऊ लागली. त्यांतल्या काहींनी तो पत्ता ड्रॉपबॉक्सखेरीज कुठेही दिलेला नव्हता, म्हणून बोट लगेच ड्रॉपबॉक्सकडे गेले. एका माणसाची तक्रार असती, तर ‘तुमच्याच संगणकात व्हायरस असेल’ म्हणून ती बाजूला पडली असती. एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेकांच्या केवळ ड्रॉपबॉक्ससाठीच्या पत्त्यांवर एकाच आठवड्यात एकाच तऱ्हेची मेल यावी, याला तसे उत्तर देता येत नव्हते. कंपनीने बाहेरचे तज्ज्ञ बोलावले आणि ३१ जुलैला खुलासा केला : दुसऱ्या संकेतस्थळांवरून चोरीला गेलेले पासवर्ड वापरून काही ड्रॉपबॉक्स खात्यांत शिरकाव झाला होता. त्यांतले एक खाते कंपनीच्याच कर्मचाऱ्याचे होते, आणि त्यात वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते असलेला एका प्रकल्पाचा दस्तऐवज होता.

म्हणजे खूण बरोबर दारापाशी घेऊन गेली. पण पत्ते विकलेले नव्हते, आणि साखळीची सुरुवात भलत्याच संकेतस्थळावरच्या चोरीपासून झाली होती. गोष्ट तिथे संपलीही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच २०१२ च्या चोरीतला ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांचा साठा उघड झाला. त्यात पत्त्यांबरोबर हॅश केलेले, म्हणजे मूळ शब्द ओळखू येऊ नये असे रूपांतर केलेले पासवर्डही होते. जुगाराची ती फुटकळ मेल चार वर्षे आधी मिळालेली सूचना होती, पण प्रकरण केवढे मोठे आहे ते खुणेवरून कुणालाच कळणे शक्य नव्हते.

दुसरी शक्यता म्हणजे दुकानाच्या वतीने मेल पाठवणारी तिसरी कंपनी. २०११ च्या वसंतात अमेरिकेतल्या एप्सिलॉन या मेल-विपणन कंपनीकडून पत्ते चोरीला गेले. तिच्या ग्राहकांत जेपी मॉर्गन चेस, बेस्ट बाय, वॉलग्रीन्स अशी नावे होती. चेसला दिलेली खूण चोराच्या हाती पडली, पण चेसच्या स्वतःच्या सर्व्हरला त्यासाठी हात लागलेला नव्हता. फॉर्म भरणाऱ्याने एप्सिलॉनचे नाव बहुधा कधी ऐकलेलेही नसते.

विक्री आणि चोरी यांतला फरक मेलच्या चेहऱ्यावरून बऱ्यापैकी ओळखू येतो. विकलेल्या किंवा ‘भागीदारांना’ दिलेल्या पत्त्यावर येणारी मेल नीटनेटकी असते : खरी कंपनी, चालू असलेली अनसबस्क्राइबची लिंक, आपले नाव बरोबर लिहिलेले. चोरीच्या यादीतून येते ती जुगार, खंडणीची धमकी, नकली बँक अशी, एकाच वेळी अनेक ठिकाणांहून. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. आधार म्हणून काही जण फॉर्मवरच्या नावातही वेगळे आद्याक्षर घालतात. ते आद्याक्षर मेलमध्ये परत आले, तर केवळ पत्ता नाही, पूर्ण नोंदच गेली असे समजते.

प्लसचे दुबळेपण

प्लस-पत्त्याची मोठी अडचण अशी, की मूळ पत्ता त्यातच उघडा असतो. अधिकच्या चिन्हापासून @ पर्यंतचा भाग छाटायला प्रोग्रामरला एक ओळ पुरते. जाहिरात उद्योगात तर ही छाटणी छापील नियमात आहे. युआयडी२ या जाहिरातींसाठीच्या ओळख-प्रणालीत जीमेलचा पत्ता हॅश करण्याआधी त्यातली टिंबे आणि प्लसपासूनचा भाग काढून टाकायला सांगितले आहे. त्यामुळे मूळ पत्त्यावर स्पॅम आला म्हणजे खूण असलेले सगळे निर्दोष ठरतात असे नाही. खूण दिसली तर ती काही सांगते. दिसली नाही तर काहीच सांगत नाही.

रोजचा त्रास वेगळाच. पुष्कळ फॉर्म अधिकचे चिन्ह ‘अवैध’ म्हणून नाकारतात. काही स्वीकारतात, पण त्यांच्याच अनसबस्क्राइबच्या लिंकमध्ये गोंधळ होतो :

```
https://shop.example/unsub?email=sulbha+pustak7k2@example.com
```

यूआरएलच्या या भागात अधिकचे चिन्ह म्हणजे रिकामी जागा, असा वेब फॉर्मचा जुना संकेत आहे. म्हणून सर्व्हरला `sulbha pustak7k2@…` असे दिसते, तसा ग्राहक सापडत नाही आणि मेल थांबत नाही. लिंकमध्ये `+` च्या जागी हाताने `%2B` लिहिले, तर बहुतेक वेळा सुटका होते. संयोगचिन्ह वापरणाऱ्यांना ना फॉर्म अडवतो, ना लिंक.

अलायस

ही दोन्ही दुखणी अलायसने टळतात. फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन (२०२२ पासून प्रोटॉनच्या ताब्यात) किंवा ॲपलचे ‘हाइड माय ईमेल’ या सेवा प्रत्येक संकेतस्थळासाठी मूळ पत्त्याशी संबंध नसलेला पत्ता बनवून देतात आणि त्यावरची मेल खऱ्या पेटीत धाडतात. त्यात छाटून खाली मूळ पत्ता मिळेल असे काही नसते. शिवाय पत्ता फुटला तर तो बंद करता येतो. प्लस-पत्ता बंद होत नाही, त्यावर फार तर फिल्टर लावता येतो.

बदल्यात मध्यस्थावर विश्वास टाकावा लागतो, कारण सगळी मेल त्याच्या हातून जाते. सेवा बंद पडली किंवा वर्गणी थकली, तर पासवर्ड बदलायची मेलही अडकू शकते. म्हणून बँक, प्राप्तिकर अशा ठिकाणी अलायस द्यायचा असल्यास तो स्वतःच्या डोमेनवरचा असावा. डोमेन आपले असले की कॅच-ऑल लावून, म्हणजे डोमेनवरच्या कोणत्याही नावाची मेल एकाच पेटीत घेऊन, `pustak7k2@` असा थेट पत्ता देता येतो आणि उद्या सेवादार बदलला तरी खुणा टिकतात. आणखी एक सोय अशी, की चोरीला गेलेल्या याद्यांत आपला पत्ता आहे का ते दाखवणाऱ्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर पूर्ण डोमेन एकदम तपासता येते. प्लस-पत्ते तिथे एकेक करून शोधावे लागतात, कारण `sulbha@` शोधल्यावर `sulbha+pustak7k2@` सापडत नाही.

भारतात या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे. इथे दुकानदार ईमेल क्वचितच मागतो, तो मोबाइल नंबर मागतो, आणि दहा आकडी नंबराला खूण जोडायची सोय नाही.

माग लागल्यावर

कंपनीला लिहिताना आरोप करण्याऐवजी प्रश्न विचारावा : हा पत्ता मी अमुक तारखेला फक्त तुम्हाला दिला, तो तुम्ही कोणाकोणाला दिलात? सोबत वरची Received ओळ जोडावी. युरोपात जीडीपीआर या विदा संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली असे विचारता येते आणि एरवी महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात कलम ११ आहे. आपली माहिती ज्यांना दिली गेली त्यांची नावे मागण्याचा हक्क त्यात आहे, मात्र कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने ते कलम चालू झाले आहे का ते आधी पाहावे. उत्तरात मेल पाठवणाऱ्या तिसऱ्या कंपनीचे नाव आले, तर पुढचे पत्र तिला. आणि ज्या दुकानाची खूण फुटली, तिथला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही.